“एका फर्मला एक लॉगिन पुरे”: वितरक-पोर्टलबद्दलच्या सल्ल्याचा प्रतिवाद

“वितरकांच्या पोर्टलला फर्ममागे एकच लॉगिन द्या. ॲडमिन, डीलर, व्ह्यूअर एवढे तीन रोल भरपूर झाले. पासवर्ड दर ९० दिवसांनी बदलायला लावा आणि कोणी विसरलाच तर नवा पासवर्ड ई-मेलने पाठवून द्या. उगाच गुंतागुंत कशाला?”

एक लॉगिन. फर्ममधल्या चौघांना एकच पासवर्ड माहीत असतो. त्यातला ऑर्डर टाकणारा नोकरी सोडून दुसऱ्या वितरकाकडे गेला, की जुन्या फर्मचे दर, उधारीची मर्यादा आणि थकबाकी त्याला घरबसल्या दिसत राहते. पासवर्ड बदलावा तर उरलेल्या तिघांचं काम अडतं, म्हणून तो बदलला जात नाही. चुकीची ऑर्डर कोणी टाकली याचा वाद झाला, तर नोंदीत फक्त फर्मचं नाव सापडतं.

त्यापेक्षा प्रत्येक माणसाला स्वतःच्या ई-मेलवर खातं द्यावं आणि फर्म हा वेगळा घटक ठेवावा. दोघांना जोडणारा तिसरा तक्ता हवा, त्यात वापरकर्ता, फर्म आणि रोल असावेत. रोल थेट खात्यावर लिहिला, तर दोन फर्मचा हिशेब पाहणाऱ्या लेखनिकाला दोन खाती काढावी लागतात. कोणी सोडून गेला तर फर्मच्या मालकाने फक्त ती जोडणी बंद करायची आणि त्या माणसाची त्या फर्ममधली चालू सेशन्स लगेच तोडायची. खातं पुसू नये, कारण जुन्या ऑर्डरींवरचं नाव टिकायला हवं.

तीन रोल. आकड्याशी भांडण नाही. मालक, ऑर्डर, हिशेब आणि फक्त पाहणारा असे चारही चालतील. पण माणूस काय करू शकतो एवढंच रोल सांगतो. कोणाच्या माहितीवर, हे फर्मवरून ठरतं आणि खरी भगदाडं तिथेच पडतात. पत्त्यातला `/orders/4817` बदलून `4818` केल्यावर दुसऱ्या वितरकाची ऑर्डर उघडली, तर रोलची तपासणी नीट चालूनही दर फुटले. फर्मचा क्रमांक ब्राउझरकडून आलेला जसाच्या तसा मानू नये. तो सेशनमधून घ्यावा आणि प्रत्येक क्वेरीत अट म्हणून लावावा. दोन चाचणी-फर्म काढून एकीच्या लॉगिनने दुसरीचे सगळे क्रमांक मागून पाहा. दर वेळी ४०४ यायला हवा.

९० दिवस. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ सालच्या SP 800-63B या मार्गदर्शिकेतच सांगितलं आहे की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावावा. वितरक महिन्यातून एखाद्या वेळी खातेउतारा पाहायला येतो. पासवर्डची मुदत संपलेली दिसली की शेवटचा आकडा एकाने वाढवतो, नाहीतर हेल्पडेस्कला फोन करतो. असे फोन रोजचेच झाले की तिथला माणूस ओळख न पडताळता रीसेट करून देऊ लागतो.

ई-मेलने पासवर्ड. हा सगळ्यांत घातक भाग. पासवर्ड मेलबॉक्समध्ये कायमचा पडून राहतो. शिवाय कोणीही दुसऱ्याचा ई-मेल टाकून त्याचा चालू पासवर्ड मोडू शकतो. म्हणून जुना पासवर्ड रीसेट पूर्ण होईपर्यंत चालूच ठेवावा आणि मेलमध्ये फक्त लिंक पाठवावी. तिच्यात ३२ बाइटचं यादृच्छिक टोकन, मुदत ३० मिनिटं. डेटाबेसमध्ये टोकन नव्हे, त्याचा SHA-256 हॅश. लिंकचं डोमेन सेटिंगमधून घ्यावं. विनंतीच्या `Host` हेडरवरून घेतलं, तर हल्लेखोर टोकन आपल्या सर्व्हरकडे वळवू शकतो.

“लिंक आधीच वापरली आहे” अशी तक्रार येऊ लागली, तर मेल गेल्यावर किती सेकंदांत टोकन खर्ची पडलं ते लॉगमध्ये पाहा. अनेक कंपन्यांचे मेल-स्कॅनर येणारी प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघतात. म्हणून GET ला फक्त फॉर्म दाखवावा आणि नवा पासवर्ड POST झाल्यावरच टोकन खर्च करावं:

```sql
UPDATE password_resets
SET used_at = now()
WHERE token_hash = $1
  AND used_at IS NULL
  AND expires_at > now()
RETURNING user_id;
```

एकही ओळ परत आली नाही, तर पासवर्ड बदलू नये. तपासणी आणि खर्च एकाच विधानात असल्याने दोन विनंत्या एकदम आल्या तरी एकच यशस्वी होते. पासवर्डचा बदल याच ट्रान्झॅक्शनमध्ये करावा. तो झाला की त्या खात्याची इतर टोकन्स आणि सगळी सेशन्स रद्द करून सूचनेचा मेल पाठवावा.

ई-मेल नोंदलेला असो वा नसो, उत्तर एकच द्यावं: “खातं असल्यास लिंक पाठवली आहे.” वेळही सारखाच लागावा, त्यासाठी मेल रांगेत टाकून उत्तर लगेच द्यावं. नाहीतर कंपनीचे वितरक कोण कोण आहेत, हे स्पर्धकाला याच पानावरून तपासता येतं.

मेलबॉक्सच हातातून गेला असेल, तर कर्मचाऱ्याची जुनी जोडणी मालकाने बंद करून नव्या पत्त्यावर आमंत्रण पाठवावं. मालकाचाच गेला असेल, तर कंपनीने विनंतीत दिलेल्या नंबरवर नव्हे, वितरक-करारात नोंदलेल्या नंबरवर स्वतः फोन करावा आणि बदलाला दुसऱ्या कर्मचाऱ्याची मंजुरी घ्यावी.