जवळ ये, पण काका नको

दाढ सुजलेल्या एका अनोळखी माणसाने माझ्या नवऱ्याला मराठी शिकवलं आणि तेव्हापासून आमच्या घरात माझ्या उच्चारांना काडीची किंमत उरलेली नाही. परवाचीच गोष्ट आहे, राग ताजा आहे, त्यामुळे जरा जास्त बोलले तर चालवून घ्या.

नवरा हिंदीभाषक. त्याला मराठीत भाषण करता यावं वगैरे माझं काही म्हणणं नाही, मला फक्त चार गोड वाक्यं हवी होती. 'जवळ ये', 'काळजी घे', 'दमलीस का?', 'चल, जरा फिरून येऊ', आणि निघताना 'येतो हं'. एवढंच. एवढ्यावर माझा संसार सुखाचा होणार होता.

आता 'चल, जरा' हे दोन शब्द बघा. आपण बोलताना विचारही करत नाही, पण हिंदीवाला पहिल्याच अक्षराला उताणा पडतो, कारण आपला च दोन प्रकारचा, ज दोन प्रकारचा, झ सुद्धा दोन प्रकारचा, आणि लिहायला मात्र एकच अक्षर. (हे ज्यांनी कोणी ठरवलं त्यांना शिकवायला परका नवरा नसणार.) हिंदीत 'चल' म्हणताना जीभ टाळूला पसरते, मराठीत ती दातांच्या मागे येते. मी त्याला सांगितलं, उत्सव म्हण. म्हणाला. आता त्यातला त्स धर आणि त्याला 'अल' जोड. त्सल! जमलं. 'जरा'ला तर काहीच कष्ट नाहीत, हिंदी-उर्दूतला नुक्तावाला ज़ त्याच्याकडे तयार आहे, त्याच्या आधी अगदी हलका द लावायचा, ऐकणाऱ्याला कळणार पण नाही इतका, की झाला मराठी ज.

जमलं म्हणून मी खूश झाले तर हा सगळीकडेच ज़ लावत सुटला. 'ज़ेवण', 'काळज़ी', 'ज़ीव'. मग नियम सांगावा लागला की पुढे इ, ई किंवा ए आला की च-ज-झ आपले साधे, हिंदीसारखेच. म्हणून 'माझा'तला झ दातांकडचा आणि 'माझी'तला टाळूचा. चमचा म्हणताना दोन्ही च त्सवाले, आणि अनेक चमचे झाले की शेवटचा च लगेच साधा. मग त्याने विचारलं, चहा? चार? त्यांच्यापुढे तर आ-अ आहे, तरी ते साधे कसे? मी म्हटलं ते तसेच आहेत. 'ऐसे ही हैं' हे उत्तर त्याला आवडत नाही, तो इंजिनिअर आहे.

तर परवा आम्ही दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. पेशंट मी. नंबर यायला वेळ होता आणि मी घाबरले होते म्हणून नवरा म्हणाला की चल, प्रॅक्टिस करूया, तेवढंच मन रमेल. 'जवळ ये' काढलं. या दोन शब्दांत सगळी परीक्षा आहे, सुरुवातीला दातांकडचा ज आणि शेवटी ळ. ज झाला होता. ळ मात्र व्हायचा नाही. एकदा 'जवल' यायचं, एकदा 'जवड़'. दोन्ही वेगळ्या चुका आहेत बरं का, आणि कुठली झाली त्यावरून जीभ कुठे चुकली ते कळतं. ल आला म्हणजे जीभ दातांपाशीच राहिली, वळलीच नाही. ड़ आला म्हणजे जागा बरोबर, पण जीभ टाळूला थप्पड मारून पळाली. मी सांगितलं, घोड़ा म्हणताना जीभ उलटी करून जिथे लावतोस तिथेच लाव, पण लगेच सोडू नको, तिथेच धरून ठेव आणि जिभेच्या दोन्ही बाजूंनी आवाज जाऊ दे, ल म्हणताना जातो तसा. लांबवून बघ. ड़ लांबवता येत नाही, ळ येतो.

तो समोर बघत, जीभ दुमडून, तोंड अर्धं उघडं, पूर्ण एकाग्रतेने म्हणाला, "जवऽळळ ये."

आणि समोरच्या खुर्चीवरचे काका उठून जवळ आले.

साठीच्या पुढचे, गालाचा पार फुगा झालेला, त्यावर घडी केलेला रुमाल धरलेला. आमच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोलो."

नवऱ्याला काय बोलावं कळेना. मी घाईघाईने म्हटलं, "अहो काका, सॉरी, तो मला म्हणत होता, मराठी शिकतोय." यावर एखाद्या माणसाने हसून परत जागेवर जावं की नाही? काका रुमाल दुसऱ्या हातात घेऊन सरसावून बसले. मराठी शिकतोय म्हटल्यावर ते त्याच्याशी मराठीत बोलतील असं मला वाटलं होतं. छे. "देखो बेटा," म्हणाले, "मेरेको 'ये' नहीं बोलने का. मैं मोठा है ना? मोठे मानुस को 'या' बोलने का. जवळ या."

फक्त ते 'जवळ या' म्हणाले नाहीत. गाल सुजल्यामुळे त्यांची जीभ वळत नव्हती, त्यामुळे ळच्या जागी नुसती हवा यायची. 'जवह या.' नवरा आज्ञाधारकपणे म्हणाला, "जवह या."

"शाब्बास!" काका म्हणाले. "आता बोलो, काहजी घ्या."

मी मध्ये पडले. म्हटलं, काका, तो ळ आहे. काका माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "ओ ताई, तुम्ही चुकीचं शिकवताय. जीभ मोडायला लावू नका त्याला. सहज आलं पाहिजे." म्हणजे मी एवढा घसा कोरडा करून जागा दाखवली, आवाज कुठून काढायचा सांगितलं, आणि हे रुमाल धरून येतात आणि 'सहज आलं पाहिजे'. माझी मराठी शुद्ध, माझ्याशी मराठी बोलतात, आणि शिकणाऱ्याशी हिंदी! म्हणजे ज्याला मराठी येतं त्याला मराठी ऐकवायचं आणि ज्याला यायला हवंय त्याला नाही. आणि हिंदी तरी कसली, जीभ को सहज सोडने का, म्हणे.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी आत गेले आणि नवरा काकांच्या ताब्यात राहिला.

आत तोंड उघडं ठेवून पडल्यावर बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. 'वेह नाही.' 'वेह नाही.' 'कहलं का?' 'कहलं.' डॉक्टर म्हणाले रिलॅक्स करा, तुम्ही जबडा आवळताय. मी उत्तर कसं देणार, तोंडात मशीन.

बाहेर आले तेव्हा माझा अर्धा चेहरा बधिर होता. नवरा उठून उभा राहिला, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी, आणि भर दवाखान्यात म्हणाला, "काय रे, दमलास का?"

हे मात्र काकांचं नाही, हे त्याचं जुनं दुखणं आहे. तो माझं ऐकून शिकतो. मी त्याला रोज विचारते, काय रे, दमलास का, आणि तेच जसंच्या तसं मला परत मिळतं. घरात शिरताना 'मी आले' म्हणतो. निघताना 'येते हं'. बरं, हिंदीत लिंग नसतं तर मी समजून घेतलं असतं, पण हिंदीत हा कधी 'मैं आई' म्हणत घरात शिरला नाही. मराठीत आला की याची अक्कल कुठे चरायला जाते? म्हणून मी आता वाक्यं जोडीने शिकवते, हे तू म्हणायचं आणि हे तू ऐकायचं. मी विचारणार दमलास का, तू विचारणार दमलीस का. माझं येते, तुझं येतो. मी तुला रे, तू मला गं. बोलताना मी त्याच्या छातीवर बोट ठेवते आणि मग माझ्या. निम्म्या वेळा चालतं.

पण काकांकडे यावर पण उपाय होता. ते पोट धरून हसले, दुखल्यावर थांबले, आणि म्हणाले, "बेटा, 'दमलात का' बोलने का. आदमी, औरत, सबको चलता है." आणि इथे मला गप्प बसावं लागलं, कारण ते बरोबर आहे. 'तुम्ही'च्या रूपात दमलात, जेवलात, आलात, बाईला तेच आणि पुरुषाला तेच, चुकायला जागाच नाही. सासूला, सासऱ्यांना, दारात आलेल्या कोणालाही चालतं. फक्त बायकोला म्हटलं की आपण दूरच्या मावशी असून चार दिवस राहायला आलोय असं वाटतं. पण हे सांगायला माझी जीभ हलत नव्हती. मी "एऽ एऽ" केलं. काका नवऱ्याला म्हणाले, "देखो, तुम्हारी मिसेस का भी ळ नहीं निकल रहा."

काउंटरवर पैसे देताना नवऱ्याने मान वर केली आणि म्हणाला, "येतो हं, काळजी घ्या." ज साधा, येतो बरोबर, आणि ळ! खणखणीत ळ, टाळूवरून सुटलेला, माझा ळ, काकांचा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं पण डावा डोळा पण जड झाला होता.

काउंटरवरची मुलगी, गळ्यातल्या आयडीवर अस्सल मराठी आडनाव, हसून म्हणाली, "ओके सर, नेक्स्ट टाइम रिपोर्ट लेके आना."

आता यावर हसायचं का? मी नाही हसले. हे दर वेळी होतं. समोरच्याचा एक शब्द जरा अडखळला की आपण दयेने लगेच हिंदीत उडी मारतो, आणि त्याला वाटतं आपलं चुकलं. इथे तर चुकलंही नव्हतं. मग त्याने ते वाक्य वापरायचं कुणावर? घरी माझ्यावर, ते पण 'काळजी घ्या'. वर आपणच चारचौघात म्हणायचं की हे लोक इतकी वर्षं राहतात तरी मराठी शिकत नाहीत.

मला मुलीला हे सगळं सुनवायचं होतं. अर्ध्या तोंडाने जमेना. "मयाठी," एवढंच आलं.

"मॅडम, दो घंटा कुछ खाना नहीं," ती म्हणाली.

पुढची अपॉइंटमेंट नवऱ्याने घेतली. काकांना कधी बोलावलंय ते विचारून, त्यांच्याच वेळेची.