‘साधारण’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नका

“‘साधारण’, ‘अंदाजे’ म्हणजे अज्ञान. ‘मला वाटतं’ म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव. मोठे डॉक्टर असं कधीच बोलत नाहीत. आजपासून ठाम बोला!”

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि दिंडोरीच्या पुतण्याने तो मनावर घेतला. व्यापाऱ्याने विचारलं, द्राक्षबागेत माल किती निघेल? एरवी तो ‘साधारण नव्वद ते शंभर क्विंटल’ म्हणाला असता. या वेळी ठामपणे ‘साडेचौऱ्याण्णव’ म्हणाला. निघाले एकोणनव्वद. व्यापाऱ्याला वाटलं, उरलेला माल परस्पर दुसऱ्याला दिला.

साडेचौऱ्याण्णव आलं कुठून? एकरात ९०० वेली, वेलीला सरासरी ३० घड, घडाचं वजन ३५० ग्रॅम धरलं, म्हणजे ९४५० किलो. पण ते ३५० आलं चार-सहा घड तोलून. सरासरी २० ग्रॅमने खाली-वर झाली, तरी एकूण माल ८९१० ते ९९९० किलोच्या मध्ये कुठेही येतो. म्हणजे ‘नव्वद ते शंभर’ हे जवळजवळ बरोबर होतं आणि ‘साडेचौऱ्याण्णव’ हा नेमकेपणाचा देखावा होता. अज्ञान कशात होतं, सांगा!

आपली भाषा हे जाणते. आपण ‘पन्नासेक’ म्हणतो, ‘त्रेपन्नेक’ म्हणत नाही. मणी ‘पिवळसर’ झाला म्हटलं की बागवाल्याला नेमकी छटा कळते. ‘पिवळा’ म्हटलं तर उलट चुकीचं कळेल.

आता ते डॉक्टर. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठून काढलं कोण जाणे. एलेन प्रिन्स, जोएल फ्रेडर आणि चार्ल्स बॉस्क यांनी १९८२ मध्ये लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचं आपसातलं बोलणं तपासलं. त्यात असे शब्द जागोजागी सापडले आणि त्यांचे दोन प्रकार पडले. एक ‘सुमारे’सारखा: तो माहितीच सैल करतो. दुसरा ‘मला वाटतं’ किंवा ‘अमुक म्हणतात’सारखा: तो माहितीला हात लावत नाही, ती कुणाच्या भरवशावर आहे ते सांगतो. आपलं ‘म्हणे’ हेच काम करतं. ‘ताप उतरला’ आणि ‘ताप उतरला म्हणे’ यांत थर्मामीटर कुणी पाहिला, हा फरक आहे. आत्मविश्वासाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

एक मान्य करतो, नाइलाजाने. आकडा माहीत असूनही ‘बघू, होईल लवकरच’ म्हणणारे असतात. त्यांना ‘कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?’ असं विचारा. हिशोब केलेला माणूस दोन्ही टोकं लगेच सांगतो. टाळणारा पुन्हा ‘बघू’ म्हणतो.

पुतण्याला मी एवढंच सांगितलंय, पुढच्या वेळी पन्नासेक घड तोल आणि व्यापाऱ्याला दोन्ही टोकं सांग.