सहा लाख तासांतलं शून्य

"एलटीआय दर शून्य म्हणजे साइट सुरक्षित. दोन साइटमध्ये चांगली कोणती हे बघायचं तर दोघांचे दर शेजारी शेजारी ठेवा, बाकी सगळा कागदांचा पसारा. आणि निअर मिसच्या नोंदी वाढायला लागल्या की समजा, तिथलं काम हाताबाहेर चाललंय."

कामाच्या जागेवरच्या सुरक्षेबद्दल हे तीन दावे नेहमी ऐकू येतात. एलटीआय म्हणजे लॉस्ट टाइम इंज्युरी, कामाचा वेळ बुडवणारी इजा; निअर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. पहिल्या दाव्याला सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण खरी गोम तिथे आहे.

दर काढायची रीत सोपी आहे. ज्या इजेमुळे माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही ती एलटीआय. अशा इजा मोजायच्या, दहा लाखांनी गुणायचं आणि त्या काळात प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या तासांनी भागायचं. अमेरिकेतली कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था ओशा दहा लाखांऐवजी दोन लाख घेते (१०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे), त्यामुळे तिथल्या पद्धतीने तोच दर पाचपट लहान दिसतो. आकड्याखाली 'दर दहा लाख तास' की 'दर दोन लाख तास' हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचायच्याही लायकीचा नाही.

आता २५० माणसांची एक साइट घ्या. आठवड्याला ४८ तास, वर्षाला ५० आठवडे, म्हणजे ६ लाख तास. वर्षात एक एलटीआय झाली तर दर १.६७, दोन झाल्या तर ३.३३, एकही नाही तर शून्य. मधलं काही येऊच शकत नाही. अशा साइटला 'यंदा दर ०.८ च्या खाली आणा' असं उद्दिष्ट दिलं, तर त्याचा अर्थ 'एकही इजा नोंदवू नका' एवढाच होतो. ते देणाऱ्याला हे बहुतेक वेळा ठाऊकही नसतं.

समजा या साइटवरच्या कामाची खरी जोखीम दर दहा लाख तासांमागे दोन इजांची आहे. यंत्रं तीच, माणसं तीच, सवयी त्याच. म्हणजे ६ लाख तासांत सरासरी १.२ इजा व्हायला हव्यात. पण सरासरी म्हणजे दरवर्षीचा हप्ता नव्हे. विरळ घटनांचं गणित लावलं तर अशा साइटवर दहापैकी साधारण तीन वर्षं एकही एलटीआय न होता जातील आणि दहातल्या एखाद्या वर्षी तीन किंवा त्याहून जास्त होतील. शून्याच्या वर्षी सत्कार होतो, तीनच्या वर्षी सेफ्टी ऑफिसरला खुलासा मागतात. दोन्ही वर्षी साइटवर बदललेलं काहीच नसतं.

मग ६ लाख तासांतल्या शून्यावरून खात्रीने काय म्हणता येतं? त्यासाठी संख्याशास्त्रात एक हाताशी ठेवण्यासारखा आडाखा आहे: एकही घटना झाली नसेल, तर तीनला तासांनी भागा, ती खऱ्या दराची वरची मर्यादा. ९५ टक्के खात्रीची. इथे ३ भागिले ६ लाख, म्हणजे दर दहा लाख तासांमागे ५. शून्य दाखवणाऱ्या साइटचा खरा दर ५ पर्यंत कुठेही असू शकतो. 'आमचा दर १ पेक्षा कमी आहे' हे छातीठोकपणे सांगायचं असेल तर एकाही एलटीआयशिवाय ३० लाख तास हवेत. या साइटला ती पाच वर्षं होतात, आणि पाच वर्षांत यंत्रं, ठेकेदार, सुपरवायझर सगळेच बदललेले असतात.

हे झालं प्रामाणिक शून्याचं. दुसरं शून्य प्लास्टर घातलेल्या हाताचं असतं. मनगट मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणायचं, ऑफिसात खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. पाळी बुडली नाही, म्हणून एलटीआय नाही. डॉक्टरने हलकं काम चालेल असं लिहून दिलं असेल आणि ते काम खरोखर असेल, तर त्यात गैर काही नाही. मात्र ती नोंद 'मर्यादित काम' या रकान्यात दिसायला हवी. एलटीआय कमी होत असताना हा रकाना फुगत चालला असेल, किंवा नोंदवहीत तो रकानाच नसेल, तर दर कशाने उतरतोय ते समजायला फार हुशारी लागत नाही.

दोन साइटच्या तुलनेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो बराचसा हिशेबाच्या शिस्तीचा आहे. वरच्याच साइटवर १५० माणसं कंपनीची आणि १०० ठेकेदाराची धरा: ३.६ लाख आणि २.४ लाख तास. वर्षात तीन एलटीआय झाल्या, दोन कंपनीच्या माणसांना आणि एक ठेकेदाराच्या. दर ५. आता ठेकेदाराची इजा 'ती त्यांनी त्यांच्याकडे नोंदवली' म्हणून वरून काढली, पण त्याच्या माणसांचे तास खाली तसेच ठेवले, की दर ३.३३ होतो. एक तृतीयांश सुधारणा, तीही एक बोल्टसुद्धा न हलवता. नियम एकच: ज्याचे तास खाली, त्याची इजा वर.

तासही गेटच्या पंचिंगवरून घ्यायचे. पटावरच्या माणसांना ५२ आठवड्यांनी गुणून काढले की रजा, सुट्ट्या, गैरहजेरी हे सगळं 'काम' म्हणून मोजलं जातं आणि दर आपोआप खाली येतो. ओव्हरटाइम गाळला की उलट होतं, पण त्या दिशेची चूक मी क्वचितच पाहिली आहे!

व्याख्यांचाही प्रश्न आहेच. भारतात कायद्याने कळवायच्या इजेला ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करता न येणं ही अट आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून सलग सात दिवसांहून जास्त काळ नेहमीचं काम करता न येणं ही अट आहे. एका साइटने पुढची पाळी बुडाली की मोजायचं आणि दुसरीने कायद्याने कळवायच्या तेवढ्याच मोजायच्या, तर त्या दोन दरांची तुलना होत नाही.

आता निअर मिस. नोंदवहीतल्या या ओळी पाहा, काल्पनिक आहेत, पण अशा नोंदी ज्याने चाळल्या नाहीत असा सेफ्टीवाला विरळा:

३ तारीख, सकाळची पाळी: स्पॅनर खाली पडला. इजा नाही. काळजी घेण्यास सांगितले.
१७ तारीख, सकाळची पाळी: बोल्ट खाली पडला. इजा नाही. समज दिली.
२९ तारीख, दुपारची पाळी: हत्यार पडले. इजा नाही. टूलबॉक्स टॉक घेतला.

तीन नोंदी, तिन्ही निरुपयोगी. कुठून पडला, किती उंचीवरून, वजन किती, खालून कोण जात होतं, काहीच नाही. तीच पहिली नोंद अशी असती तर? 'पाइप रॅकचा वरचा प्लॅटफॉर्म, उंची ९ मीटर. अर्धा किलोचा स्पॅनर कठड्याखालच्या फटीतून घसरला. ती फट झाकणारा टो-बोर्ड पाइपच्या कामासाठी काढला होता, परत बसवला नाही. खालचा रस्ता बंद केलेला नव्हता; एक जण पाच-सहा पावलं पुढे गेला होता.' अर्ध्या किलोचा स्पॅनर ९ मीटरवरून खाली पोचतो तेव्हा त्यात सुमारे ४४ ज्यूल ऊर्जा असते. औद्योगिक हेल्मेटच्या युरोपीय मानकातली आघाताची चाचणी ४९ ज्यूलची आहे, पाच किलोचा ठोकळा एक मीटरवरून. म्हणजे डोक्यावर नीट बसला असता तर हेल्मेटने कदाचित निभावलं असतं. खांद्यावर किंवा मानेवर बसला असता तर हेल्मेटचा काही उपयोग नव्हता. आता या नोंदीतून तीन कामं निघतात: टो-बोर्ड परत बसल्याशिवाय कामाचं परमिट बंद करायचं नाही, हत्यारांना दोरी, आणि वर काम चालू असताना खालचा रस्ता अडवायचा. 'समज दिली' मधून एकही निघत नाही.

म्हणून निअर मिसची संख्या वाढली की घटली यापेक्षा, प्रत्येक नोंदीपुढे 'झालं असतं तर काय झालं असतं' हा रकाना आहे का, ते आधी पाहावं. नुसती वाढती संख्या चांगलीही नसते. 'प्रत्येकाने महिन्याला दोन' असा कोटा लावला की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत 'जिन्यावर कागद पडला होता' अशा नोंदींचा पाऊस पडतो. आणि मृत्यू होऊ शकला असता अशाच नोंदी वाढत असतील, तर ती खरोखर धोक्याची खूण आहे. तेवढ्यापुरता वरचा दावा बरोबर आहे.

नोंदवही दडपली जातेय हे ओळखायला मात्र दुसऱ्या खुणा आहेत. प्रथमोपचाराच्या वहीत चाळीस नोंदी आणि निअर मिस पाच, हे शक्य नाही. लागण्यापेक्षा थोडक्यात चुकणं जास्तच घडतं. रात्रपाळीची एकही नोंद नाही. बक्षिसाची घोषणा झाली त्या महिन्यापासून आकडा अर्ध्यावर आला. सगळ्या नोंदी केरकचऱ्याच्या, उचलकामाची किंवा वीज तोडून कुलूप लावायच्या कामाची एकही नाही.

या सगळ्याचं टोक म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सास सिटीची बीपी कंपनीची रिफायनरी. २३ मार्च २००५ रोजी तिथे ऊर्ध्वपातनाचा एक मनोरा बंद ठेवल्यानंतर पुन्हा चालू करताना मर्यादेबाहेर भरला, द्रव उघड्या चिमणीतून वर उसळलं, ज्वलनशील वाफेचा ढग पेटला. १५ जण गेले, १८० जखमी झाले. मेलेले पंधराही जण ठेकेदारांची माणसं होती, जवळच्या तात्पुरत्या ट्रेलरांमध्ये आणि आसपास. अमेरिकेच्या रासायनिक अपघात तपास मंडळाच्या अहवालात आहे की मनोऱ्यात पातळी जास्त चढणं हे आधी तो चालू करताना बहुतेक वेळा घडलं होतं, आणि चिमणीतून ज्वलनशील पदार्थ बाहेर पडण्याचे गंभीर प्रसंगही त्याआधी झाले होते. त्यांचा नीट तपास झाला नाही. अपघातानंतर बीपीने नेमलेल्या बेकर समितीने २००७ च्या अहवालात नेमकं याच दाव्यावर बोट ठेवलं: वैयक्तिक इजांचा दर सुधारतोय म्हणून प्रक्रियेची सुरक्षाही ठीक आहे, असं कंपनीने धरून चालणं चूक होतं. घसरून पडणं, बोट चेपणं, पाठीत लचक भरणं, एलटीआय दर मुख्यतः यांनी बनतो. मनोरा भरून वाहणं त्यात येतच नाही, जोवर कोणी मरत नाही.

दर फेकून द्या असं मी म्हणत नाही. कोट्यवधी तास असलेल्या उद्योगसमूहात, एकाच व्याख्येने, बारा महिन्यांच्या सरकत्या हिशेबाने तो काढला तर कल नक्की दिसतो. छोट्या साइटने फळ्यावर दर लिहायचाच असेल, तर त्याच ओळीत तास, मर्यादित कामाच्या केसेस आणि जिवावर बेतू शकले असते असे निअर मिस किती व त्यातले बंद किती झाले, हे लिहावं. 'एलटीआय ०, तास ६ लाख, मर्यादित काम ४, गंभीर निअर मिस ७, उपाय पूर्ण २.' आता ती साइट कशी आहे, ते वाचणारा स्वतःच ठरवेल.