तहसील, महसूल आणि ‘म’ नावाचा न-उपसर्ग

«अरबीच्या धातूंचं उगाच कौतुक चालतं. क-त-ब हा लिहिण्याचा धातू, मक्तूब म्हणजे लिहिलेलं, त्यातला ‘म’ हा उपसर्ग, बाकी सगळे प्रत्यय. आपल्या ‘कर’ला लागतात तसेच. आतला स्वर बदलतो म्हणाल, तर आपल्याकडे मरणे-मारणे आहेच. आणि तीन अक्षरं ओळखली की अर्थ आपोआप कळतो.»

अरबी शब्द व्यंजनांचा धातू स्वरांच्या साच्यात घालून घडतात, असं म्हटलं की हा आक्षेप येतो. त्यातल्या ‘म’पासूनच सुरुवात करू. त्यासाठी अरबस्तानात जायची गरज नाही, तहसील कचेरीत गेलं तरी पुरे. तहसील, महसूल आणि ‘त्यात काय हशील?’मधलं हशील हे तिन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, पण मुळात अरबी आहेत. तिन्हींत ह-स-ल ही व्यंजनं त्याच क्रमाने दिसतात. अरबीत हासिल म्हणजे हाती आलेलं, महसूल म्हणजे उत्पन्न किंवा पीक, आणि तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया.

आता ‘म’ उपसर्ग असेल तर तो काढून बघा. महसूलमधून ‘म’ काढला की ‘ह्सूल’ उरतं. तहसीलमधून ‘त’ काढला की ‘ह्सील’. असे शब्द अरबीत नाहीत, आणि असूही शकत नाहीत, कारण अभिजात अरबीत शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं जोडून येतच नाहीत. उपसर्गाचं असं होत नाही. ‘बिनपगारी’तून ‘बिन’ काढा, ‘पगारी’ उरतं. त्यातून ‘ई’ काढा, ‘पगार’ उरतो. मणी एकेक ओवावेत तसे हे तुकडे लागलेत, म्हणून ओढले की सुटतात. महसूलमधला ‘म’ मात्र पुढच्या लांब ‘ऊ’शिवाय निरर्थक आहे. म, मग दोन व्यंजनं लागून, मग ऊ, मग तिसरं व्यंजन, असा तो अख्खा साचा आहे. त्यात ह-स-ल घातलं की महसूल, ज़-क-र घातलं की मजकूर (उल्लेखलेलं), न-ज़-र घातलं की मंजूर (पाहिलेलं, म्हणून मान्य केलेलं). तहसीलचा साचाही आपल्या कानावर रोज पडतो: तपशील, तालीम, तामील. चारही शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा, लय एकच आहे.

खरी कसोटी अनेकवचनाची. किताबचं अरबी अनेकवचन कुतुब. यात अनेकवचनाचा प्रत्यय कुठे आहे, बोट ठेवून दाखवा. पुढे नाही, मागे नाही. क-त-ब तसेच राहिले आणि मधले स्वर इ-आचे उ-उ झाले. बरं, इ-आ हा जोड म्हणजे ‘एकवचन’ असंही नाही: कल्ब म्हणजे कुत्रा, आणि त्याचं अनेकवचन किलाब, हुबेहूब किताबच्या घडणीचं. म्हणजे तोच साचा इथे एकवचनी, तिथे अनेकवचनी. प्रत्यय कापून काढणारी पद्धत इथे हात टेकते. ही अनेकवचनं आपणही वापरतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. कायदा म्हणजे नियम, त्याचं अरबी अनेकवचन कवाइद, तीच आपली मैदानावरची कवायत. हालचं अनेकवचन अहवाल, जो आपण एकवचनी करून समितीकडून मागवतो. तारीखचं तवारीख.

अरबीत जोडकाम नाहीच, असं मात्र नव्हे. मुदर्रिस म्हणजे शिक्षक, शिक्षिका मुदर्रिसा आणि शिक्षक अनेक असतील तर मुदर्रिसून. हे सरळसरळ मागे लागलेले प्रत्यय आहेत. दोन्ही रीती एकाच भाषेत नांदतात, म्हणून तर एकीला दुसरीचं नाव देऊन चालत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1979 च्या प्रबंधात यावर जी मांडणी केली, ती याच अडचणीतून आली: व्यंजनं एका पातळीवर, स्वर दुसऱ्या, आणि दोघांना जागा नेमून देणारा सांगाडा तिसऱ्या पातळीवर.

मरणे-मारणेचा मुद्दा त्यातल्या त्यात वजनदार आहे. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, गळणे-गाळणे अशा जोड्या मराठीत खऱ्याच आहेत. पण ‘मर’ हा स्वतः उच्चारता येणारा, स्वतःचा स्वर असलेला शब्द आहे आणि ‘मार’ त्याच्यात फेरफार करून होतो. द-र-स उच्चारता येत नाही. तिथे बदलायला मूळ स्वरच नाही, जो स्वर येतो तो साच्याचा. दरस म्हणजे तो शिकला, दर्रस म्हणजे त्याने शिकवलं: मधलं व्यंजन दुहेरी केलं की काम झालं. मराठी हेच ‘शिक’ला ‘व’ जोडून करते, शिकवणे. तुट-तोडच्या चालीवर ‘शिक’चं ‘शेक’ करून बघा, विद्यार्थी शेकोटीला बसतील.

दुसरं म्हणजे आपल्या जोड्यांचं दार बंद झालंय. ती संस्कृतातल्या गुण-वृद्धीची शिल्लक आहे, नवा शब्द त्यात शिरत नाही. अरबीतला साचा रोज चालतो. बँक हा शब्द दोन्ही भाषांनी बाहेरून घेतला. आपण शेपटी लावून बँका केलं. अरबीने बुनूक केलं, मलिक (राजा) चं मुलूक होतं त्या चालीवर. फिल्मचं अफलाम झालं. टेलिफोनमधून त-ल-फ-न ही चार व्यंजनं काढून तलफन, म्हणजे ‘त्याने फोन केला’, असं क्रियापद पाडलं. याहून मजेदार गोष्ट आपल्या ‘अंदाज’ची. या फारसी शब्दाच्या जुन्या, ‘ह’ने सुरू होणाऱ्या रूपातून अरबीने हंदसा घेतला, म्हणजे भूमिती. मग त्यातून ह-न-द-स ही व्यंजनं वेगळी काढली, आणि आज अरबीत इंजिनियरला मुहंदिस म्हणतात. आपण मात्र महसूल, मजकूर, मंजूर एवढे नमुने समोर असूनही पगारावरून ‘मपगूर’ कधी केलं नाही. पगारी, पगारदार करून मोकळे झालो. शब्द घेतले, साचा नाही घेतला.

राहिला आपोआप कळणारा अर्थ. महसूल वसूल करतात, म्हणून वसूल हाही ह-स-लच्याच घरातला असं वाटणं साहजिक आहे. मलाही बरीच वर्षं तसं वाटायचं. पण तो व-स-ल, पोहोचण्याचा धातू. वुसूल म्हणजे पोहोचणं. पैसा सरकारात पोहोचला म्हणून वसूल. म्हणजे कान देऊनही चूक होते, व्यंजनं एकेक मोजून बघावी लागतात. आणि मोजूनही भागतं असं नाही. क-त-बपासून कतीबा होतो, त्याचा अर्थ सैन्याची तुकडी, लेखनाशी त्याचा संबंध सहज लागत नाही. श, मग घशातला ऐन, मग र, या तीन व्यंजनांतून शिअर म्हणजे कविता होते (आपला शेर आणि शायर तिथलेच), शअर म्हणजे केस आणि शईर म्हणजे सातू. तिघांपैकी कोणता, ते धातू सांगत नाही. शब्दकोश उघडावाच लागतो, आणि धातुक्रमाने लावलेल्या अरबी कोशात तहसील ‘त’खाली सापडत नाही. तो ‘ह’खाली असतो, महसूलच्या शेजारी.