‘सांगणारा माणूस तोच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

*“मॅडम, साध्या गोष्टीचं अवडंबर कसं माजवावं हे तुमच्याकडून शिकावं. मुलाखत ती मुलाखत, मासिकात छापलेली असो की स्वतः घेतलेली. सांगणारा माणूस तोच, मग त्याच्या नावाने नोंद केली की झालं. बरं, स्वतः घेतलेली मुलाखत संदर्भसूचीत टाकू नका म्हणता, मग ती तपासायची कुठे? ही इंग्रजी थेरं मराठीच्या पोरांवर कशाला लादता? लेखही निम्म्यात आटोपला असता.”*

प्रबंधात मुलाखतीची नोंद कशी करावी यावरच्या माझ्या लेखाखाली ही प्रतिक्रिया आली. आधी भाषेबद्दल बोलते. ‘अवडंबर’, ‘थेरं’ हे शब्द मला उद्देशून वापरलेत, ते मी सोसेन. पण हा लेख मी ज्या मुलांसाठी लिहिला त्यांना ‘पोरं’ म्हणून झटकून टाकलंत, ते मला लागलं. ही मुलं येवल्याहून, सटाण्याहून एसटीने नाशिकला येतात, दिवसभर वाचनालयात बसून टिपणं काढतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. त्यांच्या शंका तुम्हाला क्षुल्लक वाटल्या तरी त्यांच्या पदव्या त्यांवर अडतात. मतभेद खुशाल असोत, पण ते नीट शब्दांत मांडता आले असते.

लेख लांबला हे मात्र मान्य. सूचीचा मुद्दा मी फार खाली नेला, तो वर यायला हवा होता.

आता तुमचं ते वाक्य: ‘सांगणारा माणूस तोच’. हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत, की त्यावर सविस्तर बोलणं भाग आहे.

‘द पॅरिस रिव्ह्यू’ या वाङ्मयीन त्रैमासिकाच्या १८व्या अंकात, १९५८च्या वसंतात, अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेची मुलाखत छापून आली. घेणारे जॉर्ज प्लिम्प्टन. त्यांनी प्रास्ताविकात स्वतःच सांगितलंय की बरीचशी उत्तरं हेमिंग्वेने आपल्या वाचनाच्या फळीवर तयार करणं पसंत केलं. म्हणजे आपण जे ‘हेमिंग्वे म्हणाला’ म्हणून उतरवतो, त्यातलं बरंच त्याने म्हटलेलं नाही, विचार करून लिहिलेलं आहे. प्रश्न प्लिम्प्टनचे, प्रास्ताविक प्लिम्प्टनचं, मथळा त्रैमासिकाचा. त्या पानावर एकटा हेमिंग्वे कुठे आहे? छापील मुलाखत ही दोघांनी, बहुतेक वेळा संपादकासह तिघांनी, घडवलेली वस्तू असते. तुमचा विद्यार्थी हेमिंग्वेला भेटलेला नाही. त्याने एक अंक वाचलाय, आणि नोंद त्या अंकाची करायची असते.

म्हणूनच नाव कुणाचं आधी यावं यावर संदर्भ नोंदवण्याच्या पद्धतींचं एकमत नाही. एपीए या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे मासिकातली मुलाखत मासिकातल्या लेखासारखी नोंदवतात, लेखकाच्या जागी मुलाखत घेणारा येतो आणि सांगणाऱ्याचं नाव आपल्या वाक्यात घ्यायचं असतं:

प्लिम्प्टन, जी. (१९५८). अर्नेस्ट हेमिंग्वे: द आर्ट ऑफ फिक्शन, क्र. २१. द पॅरिस रिव्ह्यू, १८.

एमएलए या दुसऱ्या पद्धतीत हेमिंग्वे पुढे येतो:

हेमिंग्वे, अर्नेस्ट. “द आर्ट ऑफ फिक्शन, क्र. २१.” मुलाखतकार जॉर्ज प्लिम्प्टन. द पॅरिस रिव्ह्यू, क्र. १८, वसंत १९५८.

दोन्ही नोंदींत दोन्ही माणसं आहेत आणि अंक आहे. तुमच्या ‘त्याच्या नावाने नोंद केली की झालं’ या सल्ल्यात प्लिम्प्टन नाहीसा होतो. शिवाय एखाद्याने प्रश्नातलंच वाक्य उचललं, तर प्लिम्प्टनचे शब्द हेमिंग्वेच्या तोंडी जातात. असे प्रबंध मी पाहिलेत.

हे मी पुस्तकी बोलत नाही. सार्वजनिक वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांच्या बांधीव खंडांवर माझी कितीतरी वर्षं गेलीत, आणि पुढे मुलांचे प्रबंध तपासण्यात तेवढीच. त्यातलंच एक प्रकरण, येवल्याच्या पैठणी विणकरांवर काम करणाऱ्या एका मुलीचं. एका विणकराची दिवाळी अंकात आलेली मुलाखत तिच्याकडे होती, आणि ती स्वतःही त्यांच्या मागावर जाऊन त्यांच्याशी बोलली होती. दोन्हीकडे तिने ‘वैयक्तिक संवाद’ एवढंच लिहिलं. अंकात विणकर म्हणतात, मुलं मागावर बसायला तयार नाहीत. तिला ते सांगतात, धाकटा परत आलाय. प्रबंधात ही दोन विधानं एकाच पानावर, एकाच माणसाच्या तोंडी, एकाच प्रकारच्या नोंदीसह. परीक्षकाने तोंडी परीक्षेत विचारलं, “तुम्ही यांना दोनदा भेटलात का?” ती गप्प. दुसऱ्या कुणीतरी येवल्यात जाऊन, बसून, लिहून काढलेली मुलाखत तिच्या नावावर जमा झाली होती. तिच्या मनात चोरी नव्हती, पण कागदावर ती चोरीच दिसत होती.

मग आम्ही ते पान नव्याने लिहिलं. पहिलं विधान: विणकर अमुक यांनी अमुक अंकातल्या मुलाखतीत सांगितलं, पुढे मुलाखतकाराचं आडनाव, वर्ष, पृष्ठ. दुसरं: त्यांनी माझ्याशी बोलताना सांगितलं, पुढे भेटीची तारीख. लगेच कळलं की दोन्ही विधानं खरी आहेत, मधे काळ गेलाय. त्यातही एक मेख होती. दिवाळी अंकाचा मजकूर अंक निघण्याच्या कितीतरी आधी गोळा होतो. अंकावरचं वर्ष हे छपाईचं, बोलण्याचं नव्हे. प्रास्ताविकात भेटीचा महिना दिला असेल तर तो आपल्या वाक्यात सांगावा, नोंदीत मात्र अंकाचंच वर्ष राहतं.

‘तपासायची कुठे?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर त्यातच आहे. कुठेच नाही. संदर्भसूची म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता. अंक वाचनालयात सापडतो, तुमच्या मोबाइलमधलं ध्वनिमुद्रण सापडत नाही. त्यामुळे एपीए अशी मुलाखत सूचीत घेत नाही, मजकुरातच कंसात नाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि पूर्ण तारीख मागते. एमएलए मात्र ती सूचीत घेऊ देते. तेव्हा विद्यापीठाने कोणती पद्धत नेमलीय ते आधी विचारावं. ध्वनिमुद्रण एखाद्या अभिलेखागारात जमा केलं आणि लोकांना खुलं झालं, की त्याची नोंद सूचीत येते.

याहून महत्त्वाचं, जे तुम्ही वाचलेलंच दिसत नाही: ज्यांच्या मुलाखती हाच तुमच्या अभ्यासाचा विदा, म्हणजे मूळ माहिती आहे, त्यांना एपीएत ‘वैयक्तिक संवाद’ही लावत नाहीत. त्यांची माहिती पद्धतीच्या प्रकरणात येते: किती जणांशी बोललात, कधी, संमती कशी घेतली. उद्धृतापुढे ‘विणकर ३’ असं काहीतरी. या मुलीने आणखी विणकरांशी बोलून त्यांच्यावरच प्रकरण बेतलं होतं, म्हणून शेवटी ती तारखेची नोंदही काढून टाकली आणि तिच्या विणकराला सांकेतिक नाव दिलं. पण मग तोच माणूस दिवाळी अंकात खऱ्या नावाने असेल, तर दोन्ही उद्धृतं शेजारी ठेवल्यावर ते सांकेतिक नाव कुणीही ओळखेल. तिने त्या विणकरालाच जाऊन विचारलं. ते म्हणाले, माझं नाव राहू द्या. तशी लेखी संमती घेतली, आणि मगच दोन्ही एका पानावर राहिली.

‘इंग्रजी थेरं’ यावर मला काही म्हणायचं नाही. नियम कुठून आलेत यावर मी कधी भांडले नाही, आणि आता भांडणार नाही. तुमच्याकडे छापील मुलाखतीची मुलाखतकाराचं नाव नसलेली एखादी नोंद असेल, तर ती इथे टाका. मी अंक शोधून पूर्ण करून देईन.