मामाचं बिनसाखरेचं पाकीट

«पाकिटाचा चहा बिनधास्त प्या. त्यात दूध नाही, म्हणजे फॅट नाही. वर 'कोलेस्टेरॉल ०, ट्रान्स फॅट ०' छापलेलंच असतं. आणि बिनसाखरेचं पाकीट शुगरवाल्यांनाही चालतं.»

हा मेसेज मला चोपड्याच्या मामाने पाठवला. मामाला शुगर आहे. दुकानात बसून गरम पाण्यात पूड ढवळत तो दिवसाला अशी चार पाकिटं रिचवतो. सुट्टीत गेलो तेव्हा त्याचंच एक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली.

घटकांच्या यादीला एक नियम असतो. वजनाने जो घटक जास्त, तो आधी लिहायचा. मामाच्या पाकिटावर पहिलं नाव होतं ग्लुकोज सिरप सॉलिड्स आणि दुसरं हायड्रोजनेटेड पाम कर्नल तेल. चहाचा नंबर तिसरा. दुधाची पांढरी साय वाटते ती ह्या पहिल्या दोघांची करामत.

तर फॅटचं बघू. दुधाच्या जागी तेल आलं, एवढंच झालं. पाम कर्नल तेलात सुमारे ऐंशी टक्के फॅट मुळातच सॅच्युरेटेड असतं, आणि हायड्रोजनेशन केलं, म्हणजे तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट केलं, की उरलेलंही बहुतेक तसंच होतं. कंपनीला ते हवंच असतं. असं घट्ट फॅट लवकर खवट होत नाही आणि पूड जळगावच्या मे महिन्यातही तग धरते. मामाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला सॅच्युरेटेड फॅट २५ ग्रॅम होतं. पाकीट १० ग्रॅमचं, म्हणजे कपाला अडीच ग्रॅम. चार कपांचे १० ग्रॅम झाले, आणि लेबलावरची टक्केवारी ज्या हिशोबाने काढतात त्यात दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरलेली असते.

पण भो, इथे उलटी अतिशयोक्तीही नको. अर्धा कप, म्हणजे ५० मिली म्हशीचं दूध घातलेल्या चहातही सॅच्युरेटेड फॅट दोनेक ग्रॅम असतंच. पाकीट म्हणजे विष नाही. फक्त 'फॅट नाही' हे खोटं आहे. शिवाय दुधातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं, इथे प्रथिनं जेमतेम.

ते दोन शून्य खरे आहेत, पण त्यांचा उपयोग थोडा. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच असतं, वनस्पती तेलाला ते नसण्याचं श्रेय कशाला? रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात सॅच्युरेटेड फॅटचा हात असतो, आणि ती ओळ दोन बोटं खाली छापलेली असते. ट्रान्स फॅटची भीती मात्र आता बरीच कमी झाली आहे. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात ते २ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. पूर्ण हायड्रोजनेशन केलेल्या तेलात ते नगण्यच राहतं. अर्धवट केलेल्यात मात्र वाढतं, म्हणून यादीत 'पार्शियली' हा शब्द दिसला तर ट्रान्स फॅटची ओळ जरूर बघा.

खरी गोम बिनसाखरेत आहे. मामाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला एकूण शर्करा ६ ग्रॅम होती, कार्बोहायड्रेट ६० ग्रॅम. मधले ५४ ग्रॅम गेले कुठे? ते सिरप सॉलिड्समध्ये आहेत. मक्यासारख्या धान्याचा स्टार्च तोडून ग्लुकोजच्या लांब साखळ्या करतात आणि वाळवून पूड करतात. त्याचाच भाऊ माल्टोडेक्स्ट्रिन. ह्या साखळ्या जिभेला फारशा गोड लागत नाहीत, आणि लेबलावर 'शर्करा' म्हणजे फक्त लहान रेणू मोजले जातात, म्हणून ह्या साखळ्या 'शर्करा'च्या ओळीत बसत नाहीत. पोटात मात्र त्या झटपट तुटतात आणि ग्लुकोज रक्तात जातो. पाकिटाला ६ ग्रॅम कार्बोहायड्रेट, चार पाकिटांना २४. साखरेच्या सपाट चमच्यांत मोजलं तर जवळपास सहा चमचे, तेही 'साखर नको' म्हणत.

म्हणजे शुगरवाल्याने 'शर्करा' आधी न बघता 'कार्बोहायड्रेट' ही ओळ बघावी, आणि ती पाकिटाच्या ग्रॅममध्ये मोजावी. आकडे १०० ग्रॅमचे दिलेले असतात आणि पाकीट कधी १०, कधी १४, कधी १८ ग्रॅमचं असतं.

एक गोष्ट राहिली. 'नॉन-डेअरी' वाचून दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला हे देऊ नका. यादीत शेवटी-शेवटी सोडियम केसिनेट सापडतं. ते दुधातलंच प्रथिन आहे.

मामाला घरचं ग्लुकोमीटर काढायला लावलं. एका दिवशी उपाशीपोटी रीडिंग घेऊन पाकिटाचा चहा, तासाने परत रीडिंग. दुसऱ्या दिवशी तसंच, पण बिनसाखरेचा कोरा चहा. आकडे बघून मामी म्हणाली, "त्या पाकिटांचा डबा आता दुकानात ठेवू नका, गिऱ्हाईकाला द्या."