भाच्याच्या बायोडेटात सिक्स-जी कुठे गेलं?

काल रात्री भोसरीहून भाच्याचा बायोडेटा व्हॉट्सॲपवर आला आणि माझं डोकंच फिरलं. मुंबईच्या एका एजंटाकडे आखातातल्या पाइपिंगच्या कामासाठी पाठवायचाय, "मामा, एकदा नजर टाका ना" म्हणाला. टाकली. झेरॉक्सच्या दुकानात करून घेतलेली दोन पानं. वरच "करिअर ऑब्जेक्टिव्ह" म्हणून इंग्रजीत चार ओळी, ज्यांचा अर्थ त्यालाही सांगता येत नाही. मग वडिलांचं नाव, उंची, वजन, धर्म, आवड क्रिकेट. आणि कामाबद्दल एकच ओळ: "ऑल टाइप वेल्डिंग, ६ वर्षे अनुभव."

अरे, हा पोरगा पाइप वेल्डिंगच्या सिक्स-जी टेस्टमध्ये पास आहे! पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला, जरासुद्धा फिरवायचा नाही, आपणच वाकून, झुकून, खालून वर चढत जॉइंट भरायचा. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, आर्गनने, वरचं फिलिंग आणि कॅपिंग ७०१८च्या रॉडने. हे ज्याला जमतं त्याला बाकीच्या पोझिशनची वेगळी टेस्ट सहसा द्यावी लागत नाही. दोन पानांत त्याचा एक शब्द नाही. क्रिकेट मात्र आहे.

मी चाकणच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्यूसीला आहे, वेल्डरचे बायोडेटा माझ्या टेबलावर येतात. सांगतो, "ऑल टाइप वेल्डिंग" वाचलं की पुढे वाचावंसं वाटत नाही. गेट आणि ग्रिल बनवणारा तेच लिहितो आणि हाय प्रेशर लाइन मारणाराही तेच लिहितो. मी कसं ओळखायचं कोण कोण आहे?

रात्री फोन लावला. म्हटलं, टेस्टचा कागद कुठे आहे? "ठेकेदाराच्या फाइलमध्ये." इथे मला खरा राग आला. हात तुझे, घाम तुझा, टेस्टचा पाइपचा तुकडा, म्हणजे कूपन, तू भरलंस, आणि कागद त्यांच्या कपाटात! वेल्डरच्या टेस्टची ही नोंद, जिला सगळे डब्ल्यूपीक्यू म्हणतात, टेस्ट घेणारी कंपनी बनवते आणि स्वतःजवळ ठेवते, तोवर ठीक. पण पोरानं काम सोडताना एक झेरॉक्स मागितली तर हाकलून का लावता? नवी कंपनी पुन्हा टेस्ट घेणारच आहे, त्या कागदावर कोणी डोळे झाकून कामाला लावत नाही. पण टेस्टला बोलवायचं की नाही, हे त्याच कागदावर ठरतं.

नशिबाने त्याच्या मोबाइलमध्ये सहीच्या दिवशी काढलेला फोटो सापडला. जरा तिरका, कोपरा कापलेला, पण वाचता येतो. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या कोडप्रमाणे टेस्ट, कार्बन स्टीलचा ६ इंची शेड्यूल ८० पाइप, म्हणजे भिंत जवळपास ११ मिलिमीटर. त्यात आर्गनचा थर ३, वरचं रॉडचं, म्हणजे आर्कचं, ८. या दोन आकड्यांना फार अर्थ आहे. त्या कोडमध्ये साधारण नियम असा की जेवढा थर तुम्ही टाकला त्याच्या दुपटीपर्यंत पात्रता मिळते, आणि ती प्रत्येक प्रोसेसची वेगळी. म्हणजे आर्गनची ६ मिलिमीटरपर्यंत, आर्कची १६ पर्यंत. नुसतं "सिक्स-जी पास" लिहिलं तर यातलं काहीच कळत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मी दहा-दहा वर्षं काम केलेल्या वेल्डरांनाही समजावून थकलोय. मोठ्या पाइपवर टेस्ट दिली की लहान आपोआप आलं असं सगळ्यांना वाटतं. उलटं आहे! ६ इंची पाइप बाहेरून १६८ मिलिमीटर. त्यावर पास झालात तर ७३ मिलिमीटरपासून वरचे व्यास मिळतात. २ इंची पाइप बाहेरून ६० मिलिमीटरचा, तो यात येतच नाही. २ इंचीवर टेस्ट दिली असेल तर मात्र २५ मिलिमीटरपासून वरचं सगळं मिळतं. प्लांटमध्ये लहान लाइनी ढिगाने असतात. आणि माझ्या या शहाण्याने दोन वर्षांपूर्वी २ इंचीची टेस्टसुद्धा दिलीय! "मामा, ती लहान होती म्हणून सांगितली नाही." काय बोलणार याच्यापुढे.

मग अनुभव. ६ वर्षे म्हणजे काय? विचारलं तर म्हणाला, एक छोटी डायरी आहे. फोटो मागवले. ग्रीस लागून काळी झालेली, खिशात मावेल एवढी, तिच्यात तारीख, लाइन नंबर, जॉइंट नंबर आणि शेजारी त्याचा वेल्डर नंबर डब्ल्यू-१७. हाच नंबर जॉइंटजवळ मारलेला असतो आणि एक्स-रेच्या रिपोर्टवर येतो. शेवटच्या कामावर त्याच्या २१४ जॉइंटचे एक्स-रे झाले, रिपेअर ५ निघाले. म्हणजे शंभरात जेमतेम अडीच. ही ओळ बायोडेटात पहिल्या पानावर हवी होती. त्याच्या बाजूने बोलणारी याहून चांगली साक्ष दुसरी नाही, आणि ती खिशात ठेवून पोरगा उंची-वजन लिहितोय.

एक अडचण निघाली. गेले पाच महिने तो सीओटू वेल्डिंगवर स्ट्रक्चरचं काम करतोय, आर्गन हातात धरलेली नाही. एखाद्या प्रोसेसवर सहा महिने काम झालं नाही तर त्या प्रोसेसची पात्रता जाते. "लपवू का?" म्हणाला. अजिबात नाही म्हटलं. आर्गनचं शेवटचं काम कोणत्या महिन्यात झालं ते स्पष्ट लिही, आणि या महिन्यात चार जॉइंट कुठेतरी मारून त्याची सही घेऊन ठेव. खोटं लिहिलं तर ट्रेड टेस्टच्या टेबलावर रूट बघूनच कळतं.

आणि हो, त्याच्याच मित्राने कुठल्याशा "इन्स्टिट्यूट"कडून पैसे देऊन सिक्स-जीचं सर्टिफिकेट घेतलंय. सोनेरी शिक्का आहे, पण कूपनची जाडी नाही, कोणत्या डब्ल्यूपीएसवर, म्हणजे वेल्डिंगच्या कोणत्या लेखी पद्धतीवर, टेस्ट झाली ते नाही, एक्स-रे किंवा बेंड टेस्टचा रिपोर्ट नंबर नाही. असा कागद माझ्यासमोर आला की मी पूर्ण बायोडेटाच बाजूला ठेवतो, बाकीचं खरं असलं तरी. विकणाऱ्यांना लाज वाटत नाही का? त्या पोराने कर्ज काढून पैसे दिलेत!

रात्री दीडपर्यंत बसून नवा बायोडेटा केला. एकच पान. वर नाव, पासपोर्टवर आहे अगदी तसंच, कारण आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी आहे आणि पासपोर्टवर शेवटी. त्याखाली दोन्ही टेस्ट, प्रोसेस, पोझिशन, पाइपचा साइज, जाडी, रॉड आणि तारखेसकट. मग जॉइंट आणि रिपेअरचे आकडे, कोणत्या धातूच्या, कोणत्या साइजच्या लाइनी मारल्या ते. त्याखाली आयटीआयचं वेल्डर ट्रेडचं सर्टिफिकेट. क्रिकेट काढलं.

२ इंचीच्या टेस्टचा कागद अजून ठेकेदाराकडेच आहे. आज सकाळी भाचा गेला होता. कारकून म्हणाला, फाइल वरच्या रॅकमध्ये आहे, शिडी नाही, सोमवारी या. हा त्याचा तिसरा सोमवार आहे. या वेळी मी सुट्टी टाकून सोबत जाणार आहे आणि शिडीही नेणार आहे.